व्हायवानंतरचं मनोगत

अंगानं ते किरकोळ असतं. फुलस्केपचं दीड पान, चार घड्या घातलेलं, शर्टाच्या वरच्या खिशात नाहीतर पर्सच्या आतल्या कप्प्यात. उभं राहिलं तर पाच-सात मिनिटं टिकतं. कायद्याच्या शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा आटोपते, बाहेरून आलेले परीक्षक गुणपत्रकावर सही करून चहाला बसतात, मुलं हॉलमध्ये जमतात आणि कुणीतरी माइक हातात घेऊन म्हणतं, "आता विद्यार्थ्यांच्या वतीनं मनोगत." मग ते उठतं.

बार्शीत वकिली करणाऱ्या माणसाची या मनोगताशी गाठ वर्षाआड तरी पडतेच. गाव तालुक्याचं असलं तरी इथं दिवाणी न्यायालय आहे, अतिरिक्त सत्र न्यायालय आहे आणि कर्मवीर डॉ. मामासाहेब जगदाळे यांनी उभ्या केलेल्या शिक्षण संस्थेचं विधी महाविद्यालयही आहे. मुलं वैराग, पांगरीकडून येतात, कुर्डुवाडी, भूम, परांड्याहून येतात. मुलं म्हणायचं ते सवयीनं. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या वर्गात पंचविशीतली मुलगी असते, तिच्या शेजारच्या बाकावर झेडपीचे गुरुजी असतात, मागं ड्युटी संपवून आलेला हवालदार असतो, आणि खिडकीपाशी बांधाच्या केसला कंटाळून 'आता आपणच शिकू' म्हणत प्रवेश घेतलेला शेतकरीही असतो. एवढ्या जणांच्या वतीनं एकानं बोलायचं असतं. मनोगताच्या स्वभावात जो अवघडलेपणा असतो तो बराचसा इथून येतो. ते एकाच्या तोंडानं बोलतं आणि साठ जणांचं ऋण डोक्यावर घेऊन उभं असतं.

ते जन्मतं आदल्या रात्री. त्याआधी जन्मूच शकत नाही, कारण त्याआधीचे सगळे दिवस जर्नलनं खाल्लेले असतात. जर्नल हा मनोगताचा थोरला भाऊ. त्याची ओळख करून दिल्याशिवाय धाकट्याचं काही कळायचं नाही.

बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या कायदेशिक्षण नियमांत चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत. त्यातला एक मसुदालेखनाचा. पंधरा मसुदे दाव्या-अर्जांचे, पंधरा दस्तांचे, प्रत्येकाला 3 गुण, आणि उरलेले 10 गुण तोंडी परीक्षेचे. दुसरा विषय अभिरूप न्यायालय आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचा. त्याचे तीन भाग 30-30 गुणांचे. पहिल्यात वर्षभरात तीन वेळा अभिरूप न्यायालयात उभं राहायचं, निम्मे गुण लेखी युक्तिवादाला, निम्मे तोंडी. दुसऱ्यात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहायचा आणि कोणत्या तारखेला काय झालं ते नोंदवायचं. तिसऱ्यात वकिलाच्या कचेरीत किंवा विधी सेवा कार्यालयात पक्षकाराच्या दोन मुलाखती ऐकायच्या, कागद कसे तयार होतात आणि दावा कसा दाखल होतो ते पाहायचं, आणि डायरी ठेवायची. या तिन्हींवर मिळून शेवटचे 10 गुण पुन्हा व्हायवाचे.

हे सगळं ज्यानं मनापासून केलं त्याचं जर्नल ओळखू येतं. तारखा वेड्यावाकड्या असतात. एका तारखेला 'साक्षीदार गैरहजर, पुढील तारीख' एवढंच असतं. दुसऱ्या तारखेला 'वकिलांचा स्थगिती अर्ज, खर्चासह मंजूर'. तिसऱ्या वेळी कुठं पंचाची उलटतपासणी सापडते, आणि तीही अर्धी. ज्यानं मागच्या वर्षीच्या मुलाचं उतरवून काढलं त्याच्या जर्नलमध्ये खटला सरळ पुढं चालतो. दोषारोप, साक्ष, उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल, सगळं सहा भेटींत. परीक्षक काही बोलत नाहीत. ते मोबाइलवर जुनं कॅलेंडर काढतात आणि विचारतात, "या तारखेला रविवार होता. कोर्ट चालू होतं?"

मनोगतावरही अशीच वेळ येते, फक्त त्याला तसा प्रश्न कुणी विचारत नाही.

कारण उतरवून काढलेली मनोगतंही असतात, आणि फार असतात. त्यांचा पोशाख ठरलेला. 'व्यासपीठावर उपस्थित' इथून निघायचं, सगळ्या सरांची नावं पदांसकट घ्यायची, आई-वडिलांशी यायचं, एक चारोळी, मग 'या ज्ञानमंदिरानं आम्हाला घडवलं', मग 'शब्द अपुरे पडतात' आणि थांबायचं. त्यात खोटं काहीच नसतं. पण त्यातलं प्रत्येक वाक्य बी.एड.च्या मुलानं, नर्सिंगच्या मुलीनं किंवा पतपेढीच्या निवृत्त व्यवस्थापकानंही म्हणावं असं असतं. हॉलमधली माणसं हे ऐकतात तेव्हा त्यांचे चेहरे बघावेत. ज्यांचं नाव आत्ता घेतलं गेलं ते सर मान हलवतात, पण कशाबद्दल आभार मानले हे त्यांनाही कळलेलं नसतं. 'अनमोल मार्गदर्शन' हे शब्द ग्रंथपालांना, प्राचार्यांना आणि पाहुण्यांना सारख्याच मापानं वाढलेले असतात.

माझ्या मनात बसलेलं मनोगत वेगळं होतं, आणि ते वेगळं कसं झालं हे मला नंतर ते बोलणाऱ्या मुलीनंच सांगितलं. नव्या फौजदारी कायद्यांच्या लगतच्या काळातली ती तुकडी. मुलीनं आदल्या रात्री दोन पानं लिहिली, ती चांगल्या अक्षरात, वर उल्लेख केलेल्या ठरीव पोशाखातलीच. सकाळी व्हायवाच्या रांगेत उभी असताना तिनं ती वर्गातल्या हवालदार मित्राला वाचायला दिली. तो मसुदालेखनाची उजळणी करत होता. त्यानं पानं वाचली आणि विचारलं, "याला व्हेरिफिकेशन लावायचं झालं तर काय लिहिशील?"

ज्यांचा कोर्टाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाणी दाव्याच्या शेवटी वादी सत्यापन करतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6, नियम 15 प्रमाणे त्यानं नुसतं 'वरील मजकूर खरा आहे' म्हणून चालत नाही. परिच्छेदांचे क्रमांक देऊन सांगावं लागतं की अमुक परिच्छेद माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरे आहेत, आणि अमुक परिच्छेद मला मिळालेल्या माहितीवरून मी खरे समजतो. म्हणजे पाहिलेलं एका बाजूला, ऐकलेलं दुसऱ्या बाजूला. खाली ठिकाण, तारीख, सही. नवशिक्या वकिलाच्या हातून इथंच चूक होते. तो सगळेच परिच्छेद एका दमात 'स्वतःच्या माहितीप्रमाणे' घालून मोकळा होतो, आणि उलटतपासणीत वादी 'हे मला माहीत नाही, वकीलसाहेबांनी लिहिलं' म्हणतो. दाव्याचं वजन तिथंच उतरतं.

मुलीनं पेन काढलं आणि त्या बोळात, भिंतीला पान टेकवून, एकेक परिच्छेद तपासला. 'या ज्ञानमंदिरानं आम्हाला घडवलं' हे कुणाकडून तरी ऐकलेलं. कापलं. 'सरांनी आम्हाला पुत्रवत प्रेम दिलं' हेही तिच्या माहितीतलं नव्हतं, ती सरांना थोडी घाबरूनच असायची. कापलं. चारोळी तर मोबाइलवर आलेली. दोन पानांत शेवटी पाच ओळी उरल्या. मग तिचं नाव पुकारलं गेलं आणि ती व्हायवाला आत गेली. उरलेलं मनोगत नंतरच्या तासाभरात झालं, कडेला, समासात, आडवंतिडवं. ते पान मी पाहिलं आहे. मूळ निळ्या शाईतली गोल अक्षरं, त्यावर काळ्या पेनचे फराटे, आणि समासात बारीक अक्षरात तीन-चार नावं, प्रत्येकापुढं एकच शब्द. एका नावापुढं 'दाभण' असं लिहिलेलं होतं.

मनोगत उठलं तेव्हा त्याचा आवाज पहिल्या दोन वाक्यांत कापत होता. अशी मनोगतं सुरुवातीला नेहमी कापतात, आणि सावरतात ती पहिला तपशील तोंडातून बाहेर पडल्यावर.

पहिला तपशील सरांचा होता. तिच्या पहिल्या अभिरूप न्यायालयात तिनं आपल्या बाजूचे चार निकाल जमवले होते आणि विरुद्ध जाणारा एक निकाल सोडून दिला होता. सरांनी लेखी युक्तिवाद परत केला. म्हणाले, तुझ्या विरोधातला निकाल आधी तू सांग, मग तो इथं का लागू होत नाही ते सांग. समोरच्यानं तो काढला तर तू लपवलास असं होईल. तिनं ते पान तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना तिच्या लक्षात आलं की तो निकाल खरंच लागू होत होता, आणि आपली बाजूच पडती आहे. त्या दिवशी तिला तोंडी युक्तिवादाच्या पाचांपैकी किती मिळाले हे तिनं सांगितलं नाही. पण पडती बाजू घेऊन उभं कसं राहायचं हे सरांनी शिकवलं, एवढं ती बोलली. त्या सरांकडे मी बघितलं. ते मान हलवत नव्हते. ते ऐकत होते.

मग मित्र आले. या तुकडीच्या वाट्याला एक चमत्कारिक गोष्ट आली होती. 1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि 1872 चा पुरावा कायदा गेले, आणि भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम आले. आधीच्या वर्षी घोकलेली कलमं पुढच्या वर्षी दुसऱ्या घरात राहायला गेली. खुनाचं 302 हे 103 झालं, फसवणुकीचं 420 हे 318 मध्ये गेलं, प्रथम खबरीचं 154 हे 173 झालं. पण जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंड संहितेखालीच चालणार असल्यानं जुनंही सोडता येत नव्हतं. कोर्टात बसून पाहिलेला फौजदारी खटला जुन्या कलमांचा, व्हायवातला प्रश्न नव्या कलमाचा. हवालदार मित्राला हे रोज ठाण्यात करावं लागत होतं. त्यानं दोन्ही आकडे शेजारी लिहिलेली एक यादी केली होती, तिच्या झेरॉक्स वर्गभर फिरल्या. मनोगतानं त्याचे आभार यादीसाठी मानले, आणि सकाळच्या त्या एका प्रश्नासाठी मानले. वर्ग हसला, कारण प्रश्न सगळ्यांनीच ऐकला होता.

'दाभण' हे वकिलाच्या कचेरीतल्या कारकुनांचं होतं. दावा दाखल होताना पाहायचा, यावर जे गुण आहेत त्यांच्यासाठी मुलं कचेरीत येतात आणि बहुतेक जण वकिलाच्या खुर्चीकडे बघत बसतात. ही मुलगी कारकुनांच्या टेबलापाशी बसली. त्यांनी तिला दाव्याचे कागद कोणत्या क्रमानं लावायचे ते दाखवलं. दावा, त्यामागं कागदपत्रांची यादी, मग कागद, वकीलपत्र, पत्त्याचा मेमो. डाव्या समासात दाभणानं भोकं पाडून दोरा ओवायचा तो अशा बेतानं की पान उलगडल्यावर शेवटचं अक्षर शिवणीत जाऊ नये. प्रतिवादी जितके तितक्या जादा प्रती. प्रत्येक पानावर सही आहे ना, खाडाखोडीशेजारी आद्याक्षर आहे ना, स्टॅम्प पुरेसा आहे ना. यातलं एक जरी चुकलं तरी कार्यालय हरकत काढतं, दाव्याला नंबर पडत नाही, आणि मनाई हुकूम हवा असेल तर तोवर समोरचा माणूस बांधकाम चढवून मोकळा होतो. हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात तिला सापडलं नव्हतं. कारकून हॉलमध्ये नव्हते, त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. पण नाव घेतलं गेलं, कामासकट.

आणि मग मनोगत अडखळलं. कागद होता, आवाजही सावरला होता, तरी ते थांबलं, आणि म्हणालं की आता ज्या बाईंचे आभार मानायचे आहेत त्यांचं नाव, गाव, काम काहीच मला सांगता येणार नाही. त्या पक्षकार होत्या. मी मुलाखत ऐकायला बसले होते. त्यांनी मला बसू दिलं.

एवढंच. त्यापुढं ती फक्त इतकं बोलली की वकीलसाहेबांनी त्या बाईंना तारीख विचारली नाही, कडब्याची शेवटची गाडी विचारली, आणि प्रश्न कसा विचारायचा ते मला त्या दिवशी कळलं.

हॉलमधल्या वकिलांना ते लगेच कळलं. वाचकांना कळावं म्हणून त्या बाईंची नव्हे, आमच्याकडं नेहमी येणारी एक सर्वसाधारण हकिकत घेऊ. शेताकडं जाणारी जुनी वाट शेजाऱ्यानं चारी पाडून अडवली, अशी तक्रार घेऊन माणसं येतात. अशा अडथळ्यासाठी 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम 5 खाली तहसीलदाराकडं अर्ज करता येतो. हा मार्ग दिवाणी दाव्यापेक्षा सुटसुटीत, पण त्याला एक अट आहे. वाद ज्या दिवशी उद्भवला तिथून सहा महिन्यांच्या आत अर्ज पडला पाहिजे. आता अडवलं कधी, असं सरळ विचारलं तर उत्तर येतं, "लई दिवस झालं." तारीख सांगा म्हटलं तर माणूस घाबरून कुठलीतरी सांगतो, आणि ती अर्जात गेली की तहसीलदारापुढं मोडते.

म्हणून जाणता वकील पिकावरून जातो. बार्शीच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी असते. "काढणी झाली तेव्हा कडबा कोणत्या वाटेनं घरी आणला?" "त्याच." म्हणजे शेवटची गाडी आली त्या दिवसापर्यंत वाट उघडी होती. "शेवटची गाडी कधी?" "होळी झाली, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी." "मग अडवलेलं पहिल्यांदा कधी बघितलं?" "पाडव्याला नांगर घेऊन गेलो तर चारी पाडलेली." झालं. पंचांग काढलं की दोन तारखा हातात येतात, आणि वाट त्या दोहोंच्या मधे कधीतरी अडली. शहाणपण हे की सहा महिने पाडव्यापासून मोजायचे नाहीत, होळीनंतरच्या त्या गाडीपासून मोजायचे, म्हणजे कसंही मोजलं तरी अर्ज मुदतीत बसतो. माणूस नागपंचमीच्या सुमारास आला असेल तर गणपतीची वाट न बघता लगेच अर्ज दाखल करून टाकायचा. मुदत टळली असेल तर दिवाणी न्यायालय आहेच, पण तिथं वाट मोकळी व्हायला किती हंगाम जातात ते इथल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. आणि गाडीवान साक्षीला आणता येतो, कारण त्यानं ती शेवटची गाडी स्वतः हाकलेली असते. त्याचं म्हणणं स्वतःच्या माहितीप्रमाणे.

व्हायवानंतरच्या मनोगताला ही एक मर्यादा जन्मतःच आहे, आणि इतर कुठल्याही निरोपाच्या भाषणाला ती या रूपात नसावी. डॉक्टर होणारी मुलं रुग्णांविषयी बोलताना जपतात, पण इथं तर गोष्ट कायद्यातच लिहिलेली आहे. पक्षकारानं कामाच्या ओघात वकिलाला जे सांगितलं ते त्याच्या संमतीशिवाय वकिलानं उघड करायचं नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 126 मध्ये होतं, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. ते बंधन दुभाष्यावर आणि वकिलाच्या कारकुनांवरही आहे, आणि काम संपलं तरी संपत नाही. मुलाखत ऐकायला बसलेला विद्यार्थी अक्षरशः या शब्दांत बसतो की नाही यावर वर्गात वाद घालता येईल. कचेरीत मात्र वाद नसतो. तो ज्या क्षणी आत बसला त्या क्षणी त्यालाही ते लागू. म्हणूनच डायरीत मुलाखतीची नोंद करताना चांगली मुलं 'पक्षकार अ, जमिनीचा वाद' असं लिहितात. परीक्षक नाव विचारतात तेव्हा जो विद्यार्थी पटकन नाव सांगतो त्याचे गुण तिथं कमी व्हावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मनोगत या जागी अडखळलं म्हणून मला ते आवडलं. ज्यांनी शिकवलं त्यांच्यातल्या एका व्यक्तीचं नाव घ्यायचं नाही, आणि तरी आभार मानायचे, हे तिनं व्हायवाच्या टेबलावर शिकलेलं नव्हतं. तिनं मुलाखत जिथं ऐकली त्या वकिलांना मनोगताआधी फोन करून विचारलंही होतं, की इतकं बोललं तर चालेल का. त्यांनी कडब्याच्या गाडीपर्यंतच जा, त्यापुढं जाऊ नको, म्हणून सांगितलं. ती त्यापुढं गेली नाही.

आभाराचं कर्ज नावानिशी आणि कारणानिशी नोंदवण्याची रीत आपल्याकडच्या मोठ्या कायदेपंडितांनी पाळलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ 1925 साली निघाला. तो त्यांनी सयाजीराव गायकवाड महाराजांना अर्पण केला, आणि का, तेही लिहिलं, शिक्षणाला केलेल्या मदतीसाठी. त्याच ग्रंथाला प्रस्तावना आहे ती कोलंबिया विद्यापीठातल्या त्यांच्या गुरूंची, प्रा. सेलिग्मन यांची. पुढं 1935 ते 1938 या काळात बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, म्हणजे निरोपाची भाषणं ऐकायच्या खुर्चीवरही ते बसले असणार. मला त्या अर्पणपत्रिकेतलं भावतं ते एवढंच, की त्यात कुणाच्या गुणांची यादी नाही. काय केलं ते आहे.

मनोगताचा उरलेला स्वभाव थोडक्यात सांगतो. ते लांबलं की बिघडतं. सातव्या मिनिटानंतर मागच्या रांगा हलू लागतात, आणि परीक्षकांना सोलापूरची गाडी गाठायची असते. एखादं नाव राहून गेलं तर ते रात्रभर झोपत नाही. राहतं ते बहुधा ग्रंथालयातल्या शिपायांचं, ज्यांनी परीक्षेच्या महिन्यात वाचनालय वेळेपेक्षा उशिरापर्यंत उघडं ठेवलेलं असतं. पाहुण्यांचं कौतुक सुरू झालं की ते आपल्या घरातून बाहेर पडतं आणि परत यायला त्याला वेळ लागतो. आणि ते 'आम्ही समाजाची सेवा करू' असं वचन देऊ लागलं, तर त्याच्या त्या परिच्छेदाला स्वतःच्या माहितीचं सत्यापन लावता येत नाही, कारण ते अजून घडायचं असतं.

घडायचं असतं ते वेगळंच. निकाल लागतो, मग महाराष्ट्र व गोवा बार काउन्सिलकडं नोंदणी. 30 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोंदणीसाठी वकील कायद्यात लिहिलेल्या शुल्कापेक्षा जास्त रक्कम घेता येणार नाही. म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 125. त्याआधी ठिकठिकाणी हजारांत पैसे भरावे लागत, आणि बार्शीसारख्या ठिकाणी सनद घ्यायची म्हणून कुणीतरी घरातलं काही विकलेलं असायचं. शिवाय अखिल भारतीय बार परीक्षा. मग मनोगतात ज्यांचे आभार मानले ते मित्र आणि बोलणारी ती, एकाच कोर्टाच्या आवारात येतात. त्यातला एखादा तिच्या समोरच्या बाजूनं वकीलपत्र दाखल करतो. ज्या सरांनी विरोधातला निकाल आधी सांगायला शिकवलं त्यांच्या दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांविरुद्ध उभं राहून तो नियम पाळलेला मी पाहिला आहे, आणि न्यायाधीशांनी तो लेखी नोंदवलेलाही पाहिला आहे.

हे सगळं ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती कॉलेजच्या हातात नाही, आमच्या हातात आहे. मुलगी कारकुनांच्या टेबलाशी बसू शकली, मुलाखत ऐकू शकली, कारण एका कचेरीनं तिला बसू दिलं. अनेक ठिकाणी विद्यार्थी येतो, बाहेरच्या बाकावर थांबतो, तासाभरानं डायरीवर सही घेतो आणि जातो. त्याच्या डायरीत मुलाखत येते ती कल्पनेतून, आणि त्याच्या मनोगतात 'अनमोल मार्गदर्शन' येतं ते तिथूनच. म्हणून बार्शीतल्या आणि तालुक्या-तालुक्यांतल्या वकील मंडळींना माझी विनंती आहे. विद्यार्थी आला तर पक्षकाराला आधी विचारा, हा मुलगा शिकायला बसला तर चालेल का. ते नाही म्हणाले तर तो प्रश्न संपला. हो म्हणाले तर त्याला बाहेरच्या बाकावरून आत घ्या, खुर्ची द्या, आणि त्याच्यादेखत तुमचा प्रश्न विचारा.